वहिनींच्या निवृत्तीचा तक्ता: एक्सेलमधल्या कामाच्या नोंदी

7 जून 2025

वहिनी सांगलीत घरी शिकवण्या घेतात. पीएफ नाही, पेन्शन नाही. वय 40, आणि 60 नंतर शिकवायचं नाही हे त्यांनी ठरवलेलं आहे. दरमहा 15,000 बाजूला टाकतात, पीपीएफ आणि म्युच्युअल फंड मिळून आजवर 8 लाख जमलेत. त्यांचा प्रश्न सरळ होता: "भाऊजी, एवढ्यात भागेल का?" त्याचं उत्तर देणारा तक्ता बनवायचाय, आणि तो त्यांना स्वतःला आकडे बदलून बघता आला पाहिजे.

म्हणून पहिलं काम म्हणजे सगळी गृहीतकं एका जागी आणणं. सूत्राच्या पोटात 10% किंवा 20 असे आकडे टाकले की सहा महिन्यांनी कुठे काय धरलं होतं ते सापडत नाही. सगळं एकाच शीटवर, B2 पासून खाली:

```
B2   सध्याचं वय               40
B3   निवृत्तीचं वय             60
B4   आजची शिल्लक          800000
B5   मासिक बचत             15000
B6   बचतीत वार्षिक वाढ          5%
B7   अपेक्षित वार्षिक परतावा      10%
B8   महागाई                   6%
B9   निवृत्तीनंतरचा परतावा     7.5%
B10  आजचा मासिक खर्च       30000
B11  मासिक दर      =(1+B7)^(1/12)-1
B12  उरलेली वर्षं    =B3-B2
```

10% हा आकडा असा आला: वहिनींची विभागणी साधारण 60 टक्के इक्विटी फंड आणि 40 टक्के पीपीएफ. पीपीएफचा दर एप्रिल 2020 पासून 7.1% आहे. इक्विटीला 12% धरले तर वजनी सरासरी 10.04% येते. 12% हा अंदाज आहे, पीपीएफचाही दर सरकार दर तिमाहीला ठरवतं, त्यामुळे दशांशाच्या पुढे जाण्यात अर्थ नाही.

महागाई 6% धरली. रिझर्व्ह बँकेचं लक्ष्य 4% आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना 2 टक्क्यांची मुभा आहे. म्हणजे मी वरचं टोक घेतलं. म्हातारपणाच्या खर्चात दवाखान्याचा वाटा मोठा असतो, तिथे कमी धरून चालणार नाही.

दादाच्या दुकानाचं उत्पन्न मुद्दाम धरलं नाही. 20 वर्षांनी ते दुकान कसं चाललेलं असेल हे दादालाही सांगता येत नाही.

8 जून

आज पहिलं उत्तर, भविष्यातली रक्कम काढणाऱ्या FV फंक्शनने, एकाच सेलमध्ये:

```
=FV(B11, B12*12, -B5, -B4, 0)
```

उत्तर साधारण 1 कोटी 61 लाख 56 हजार. यात बचत दरसाल वाढत नाही असं धरलेलं आहे.

उणे चिन्ह का, हे वहिनींसाठी बाजूला लिहून ठेवलं. एक्सेलची आर्थिक फंक्शन्स पैशाची दिशा बघतात. खिशातून गेलेला पैसा उणे, हातात येणारा अधिक. B5 आणि B4 दोन्ही उणे दिले की उत्तर अधिक येतं. फक्त B5 ला उणे दिलं तर शिल्लक आणि बचत एकमेकींतून वजा होतात, आणि येणारा आकडा तसा मोठाच असल्यामुळे चूक पटकन डोळ्यांत भरत नाही. ओळखायची खूण सोपी आहे: B4 मध्ये शून्य टाका. उत्तर वाढलं, तर चिन्ह चुकलंय.

मासिक दर काढताना B7/12 असं करायचा मोह सगळ्यांना होतो. गृहकर्जाचा हप्ता तसाच काढतात, तिथे ते बरोबरच आहे, कारण बँक वार्षिक दराला 12 ने भागूनच दरमहा व्याज लावते. पण "फंडाने वर्षाला 10% दिले" म्हणताना आपल्या मनात 100 चे वर्षाअखेर 110 झाले हे असतं. 10 ला 12 ने भागून दरमहा चक्रवाढ केली तर 100 चे 110.47 होतात. ते अर्धा टक्काभर जास्तीचे 20 वर्षं साचत जातात. याच आकड्यांवर B7/12 घातलं तर उत्तर 1 कोटी 72 लाख 53 हजार येतं, म्हणजे जवळजवळ 11 लाख कुठूनही न आलेले. म्हणून B11 मध्ये बारावं मूळ.

शेवटचा 0 म्हणजे पैसा महिनाअखेर भरला. 1 केला तर महिन्याच्या सुरुवातीला. त्याने फरक पडतो फक्त 86,000 चा, आणि वहिनींच्या शिकवण्यांची फी महिनाभर थोडी थोडी येत राहते, तेव्हा 0 च ठेवला.

14 जून

FV ला एक मर्यादा आहे: हप्ता शेवटपर्यंत तोच धरावा लागतो. वहिनी दर जूनला फी वाढवतात आणि बचतही वाढवणार आहेत. त्यामुळे आता वर्षावार तक्ता, ओळ 16 पासून.

```
A16: 1
C16: =B4
D16: =B5
E16: =FV($B$11,12,-D16,-C16,0)
F16: =E16/(1+$B$8)^A16

A17: =A16+1
C17: =E16
D17: =D16*(1+$B$6)
```

B रकान्यात वय. C म्हणजे वर्षाच्या सुरुवातीची शिल्लक, D त्या वर्षाची मासिक बचत, E वर्षाअखेरची शिल्लक. F बद्दल खाली लिहितो. E आणि F ओळ 16 वरून आणि बाकीचे ओळ 17 वरून खाली ओढले, 55 व्या ओळीपर्यंत, म्हणजे 40 वर्षं झाली. निवृत्तीचं वय बदललं तरी ओळी खोडाव्या-वाढवाव्या लागू नयेत म्हणून उत्तर असं उचललं:

```
=INDEX(E16:E55,B12)
```

पहिल्या वर्षाची ओळ हाताने पडताळली. 8,00,000 चे 10% ने 8,80,000. दरमहा 15,000 प्रमाणे वर्षभरात 1,80,000 भरले, त्यावर वर्षातलं व्याज धरून 1,88,108. बेरीज 10,68,108. E16 मध्ये तेच आहे.

मग संपूर्ण तक्त्याची परीक्षा: B6 शून्य केला. बचत वाढत नसेल तर तक्त्याचं उत्तर आणि 8 तारखेचं एका सेलचं उत्तर पैशाला पैसा जुळलं पाहिजे. जुळलं. ही तुलना एका सेलमध्ये कायमची ठेवून दिली आहे. कुठेतरी $ राहून गेला आणि ओढताना संदर्भ सरकला, तर B6 शून्य करताच इथे फरक दिसेल.

B6 पुन्हा 5% केल्यावर 60 व्या वर्षी 2 कोटी 7 लाख 10 हजार. विसाव्या वर्षी मासिक बचत 37,904 झालेली असेल.

त्या D रकान्यात खाली जाताना एक गोष्ट दिसली. पीपीएफमध्ये वर्षाला दीड लाखापेक्षा जास्त भरता येत नाहीत. एकूण बचतीच्या 40 टक्के तिथे टाकायचे, तर मासिक बचत 31,250 च्या वर गेली की ते मावत नाहीत. सतराव्या वर्षी ती 32,743 होते. तोवर चिंता नाही, पण बचत जास्त वेगाने वाढवली तर ही रेघ लवकर येईल. बाजूला शेरा टाकला.

15 जून

F रकाना. वहिनींनी 2 कोटी 7 लाख बघितले आणि "बापरे, एवढे?" म्हणाल्या. तो आकडा एकटा दाखवणं बरोबर नाही.

6% महागाईने 20 वर्षांत वस्तू 3.2 पट महाग होतात. आज 30,000 मध्ये चालणाऱ्या घराला तेव्हा महिन्याला 96,214 लागतील. म्हणून E ला त्याच पटीने भागलं, की निधी आजच्या किमतीत किती ते कळतं: 64 लाख 57 हजार. वहिनींना हा आकडा लगेच समजला, कारण आज 64 लाखांत काय येतं ते त्यांना माहीत आहे. 2 कोटी 2045 साली किती असतील याचा अंदाज कोणालाच नसतो.

आता छापताना E आणि F शेजारी शेजारीच राहतील. F मोठ्या, ठळक अक्षरांत, E साध्या.

आकड्यांची मांडणीही आज केली. एक्सेल 20,709,806 असं दशलक्षात तोडतं, ते आपल्याकडे वाचायला त्रासाचं. कस्टम फॉरमॅट:

```
[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0
```

याने 2,07,09,806 असं दिसतं. मात्र फॉरमॅटमध्ये अशा दोनच अटी घालता येतात, त्यामुळे उणे आकडे तिसऱ्या भागात जातात आणि पुन्हा दशलक्षात तुटतात. तूट दाखवणाऱ्या सेलमध्ये म्हणून चिन्ह उलटून, "कमी पडणारी रक्कम" या नावाने अधिक आकडाच दाखवतोय.

21 जून

निधी किती, हे अर्धंच उत्तर. तो किती वर्षं पुरेल हा खरा प्रश्न. दुसरा तक्ता शेजारीच, H रकान्यापासून:

```
H16: =B3
I16: =INDEX(E16:E55,B12)
J16: =$B$10*12*(1+$B$8)^(H16-$B$2)
K16: =$B$9
L16: =(I16-J16)*(1+K16)

H17: =H16+1
I17: =L16
```

वर्षभराचा खर्च वर्षाच्या सुरुवातीलाच काढून ठेवायचा आणि उरलेल्यावर परतावा मिळवायचा, असं धरलंय. ही थोडी कडक मांडणी आहे, आणि कडकच बरी. परतावा इथे 7.5%, कारण साठीनंतर इक्विटी कमी करायची, आणि हा दर कर भरून झाल्यावरचा आहे. आज इक्विटी फंडातल्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर सव्वा लाखापुढे 12.5% कर आहे. 20 वर्षांनी काय असेल ते तक्त्यात सूत्राने घालण्यात मला अर्थ वाटला नाही, दरातच थोडी कसर धरली.

पैसे कोणत्या वयात संपतात ते काढायला:

```
=INDEX(H16:H60,MATCH(TRUE,INDEX(I16:I60<J16:J60,0),0))
```

उत्तर 80. त्या वर्षी सुरुवातीला जेमतेम अर्ध्या वर्षाचा खर्च शिल्लक असतो. वहिनींच्या आई आज 84 वर्षांच्या आहेत आणि रोज सकाळी देवळात चालत जातात.

या तक्त्यात बराच वेळ बघण्यासारखा रकाना L आहे. पहिल्या वर्षी 11,54,569 काढूनही शिल्लक वाढते आणि 2,10,21,880 होते. पाचव्या वर्षाअखेर ती 2 कोटी 16 लाख 72 हजारांवर पोहोचते. या काळात पासबुक बघणाऱ्याला वाटेल की व्याजातच सगळं भागतंय, मुद्दलाला हातही लागत नाही. सहाव्या वर्षापासून ती उतरायला लागते, कारण खर्च दरसाल 6% ने चढतोय. पुढच्या पंधरा वर्षांत सगळं संपतं. निवृत्तीनंतरची पहिली पाच वर्षं शिल्लक वाढलेली दिसली म्हणून हात सैल सोडणं धोक्याचं आहे, हे मी वहिनींना ओळीवर बोट ठेवून दाखवलं.

22 जून

90 वर्षांपर्यंत पुरायला किती हवेत? निवृत्तीनंतरच्या परताव्यातून महागाई काढली की खरा दर उरतो. तो वजाबाकीने 1.5% येतो असं वाटतं, पण बरोबर रीत भागाकाराची आहे:

```
=(1+B9)/(1+B8)-1
```

1.415%. हे B13 मध्ये ठेवलं. मग आजच्या किमतीत 30 वर्षांचा खर्च:

```
=PV(B13,30,-B10*12,0,1)
```

साधारण 88 लाख 74 हजार. तेव्हाच्या रुपयांत 2 कोटी 84 लाख 62 हजार. तयार होणार 2 कोटी 7 लाख, म्हणजे सुमारे साडेसत्त्याहत्तर लाख कमी.

तूट भरायला काय करावं लागेल ते Goal Seek ने काढलं. Data मध्ये What-If Analysis, त्यात Goal Seek. Set cell मध्ये तुटीचा सेल, To value 0, By changing cell मध्ये B5. तुटीच्या सेलमध्ये सूत्र असायला हवं आणि B5 मध्ये हाताने टाकलेला आकडा, तरच हे चालतं.

B5 = 22,586. आज एकदम साडेसात हजार जास्त.

मग B5 पुन्हा 15,000 करून B6 वर चालवलं. उत्तर 10.04%. सुरुवात तीच ठेवली तर बचत दरसाल दहा टक्क्यांनी वाढवावी लागेल. Goal Seek एका वेळी एकच सेल बदलतं आणि जुना आकडा पुसून नवा लिहितं, म्हणून आधीचे आकडे शेजारच्या रकान्यात उतरवून ठेवले आहेत.

28 जून

परताव्याच्या आकड्यावर सगळं किती लटकतंय ते दाखवायला Data Table. डावीकडे परतावा 8 ते 12 टक्के, वर मासिक बचत, कोपऱ्यात आजच्या किमतीतल्या निधीच्या सेलचा संदर्भ. Row input cell म्हणून B5, Column input cell म्हणून B7. हे इनपुट सेल Data Table असलेल्या शीटवरच असावे लागतात. सुरुवातीला सगळं एकाच शीटवर घेतलं ते यासाठीच.

15,000 च्या रकान्यात, बचतवाढ 5% धरून, आजच्या किमतीत: 8% ला साडेपन्नास लाख, 10% ला 64.6 लाख, 12% ला 83 लाख. चार टक्क्यांच्या पट्ट्यात बत्तीस लाखांचा फरक. परतावा वहिनींच्या हातात नाही, बचत आणि निवृत्तीचं वय आहे. म्हणून तक्त्यात 10% च्या ऐवजी 12% टाकून तूट मिटवायची नाही, असं आमचं ठरलं.

29 जून

सरळ रेषेतला परतावा हा या तक्त्याचा सर्वांत कच्चा भाग. दरसाल नेमके 7.5% कधीच मिळत नाहीत. 2008 साली सेन्सेक्स वर्षभरात निम्म्याहून खाली आला होता. वहिनींचा निधी तेव्हा बहुतांश इक्विटीबाहेर असेल, त्यामुळे मी दोन वर्षं उणे 10% अशी सौम्य परीक्षा घेतली. K रकाना वेगळा ठेवला होता तो यासाठी: सूत्राच्या जागी थेट -10% टाकता येतं.

आधी ती दोन वाईट वर्षं 75 आणि 76 व्या वर्षी टाकली. पैसे 80 ऐवजी 79 व्या वर्षी अपुरे पडतात. एक वर्ष गेलं.

मग तीच दोन वर्षं 60 आणि 61 ला. पैसे 74 व्या वर्षी अपुरे पडतात. सहा वर्षं गेली.

पडझड तेवढीच, फक्त आधी आली. सुरुवातीला शिल्लक मोठी असते, त्यामुळे 10 टक्क्यांत रुपये जास्त जातात, आणि वर त्याच घसरलेल्या शिलकेतून खर्चही काढावा लागतो. ते पैसे नंतर वाढायला उरतच नाहीत. यावर तक्त्यात एकच उपाय बसवता येतो: साठीच्या आधीच दोन-तीन वर्षांचा खर्च मुदत ठेवीसारख्या न हलणाऱ्या जागी काढून ठेवायचा. त्याची ओळ 57 व्या वर्षासमोर शेरा म्हणून लिहिली.

5 जुलै

वहिनी आज स्वतः लॅपटॉपसमोर बसल्या. 22,586 त्यांना आत्ता झेपणार नाहीत, हे त्यांनी आधीच सांगितलं. B5 मध्ये 18,000 टाकले, मग B6 मध्ये 6, 7, 8. आठ टक्क्यांना तुटीचा सेल हिरवा झाला: निधी 2 कोटी 87 लाख 6 हजार, गरजेपेक्षा सुमारे अडीच लाख जास्त.

"पण शेवटच्या वर्षी महिन्याला 77,683 कुठून भरू?" हा त्यांचा पुढचा प्रश्न, आणि तो योग्यच. मोकळ्या G रकान्यात D चे आकडे आजच्या किमतीत घातले. ते आजचे साधारण 25,700 होतात. म्हणजे बचतीची ओढ आजच्यापेक्षा वाढणार आहे, पण चौपट नाही. तोवर धाकटीचं शिक्षण संपलेलं असेल, त्यामुळे शेवटच्या आठ वर्षांत हे जमेल असं त्या म्हणाल्या. मधल्या वर्षांत, दोन्ही मुलं कॉलेजला असताना, आठ टक्के जमतील का याची त्यांना खात्री नाही. त्या ओळींत D चं सूत्र काढून हाताने आकडे टाकायची सोय ठेवली, आणि असे सेल पिवळे केले.

या वेगाने पीपीएफची दीड लाखाची रेघ नवव्या वर्षीच येते, सतराव्या नाही. त्यापुढे 40 टक्क्यांतला न मावणारा भाग कुठे जाणार हे आत्ता ठरवायची गरज नाही, पण तो आपोआप इक्विटीत जाऊ द्यायचा नाही. D च्या 40 टक्क्यांतून दरमहाचे 12,500 वजा करून उरणारी रक्कम दाखवणारा एक रकाना जोडला.

शेवटचा रकाना M: "31 मार्चची खरी शिल्लक". तो रिकामाच आहे. दरवर्षी मार्चअखेर फंडाचं स्टेटमेंट आणि पीपीएफचं पासबुक बघून वहिनी तो भरतील, आणि पुढच्या ओळीचा C तिथून उचलला जाईल:

```
C17: =IF(M16="",E16,M16)
```

एकूण मासिक बचत 18,000 व्हावी म्हणून एसआयपी वाढवायचा फॉर्म त्यांनी भरलाय, पहिला हप्ता ऑगस्टच्या 5 तारखेला.